पारशी मित्राच्या घरची नवजोत: पाहुण्यांनी काय पाहावं

पारशी कुटुंबाकडून नवजोतीची पत्रिका आली, की बिगर-पारशी मित्रांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो जावं की नाही हा. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो हे मुंबईत सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तो नियम इथेही लागू असेल असं वाटतं. पण नवजोतीला अग्यारीच लागते असं नाही. मुंबईत ती बहुधा बागेत होते. चर्नी रोडजवळची आल्ब्लेस बाग किंवा कुलाब्याच्या अग्यारीलगतचं आवार अशा ठिकाणी मोकळ्या पटांगणात स्टेज घातलं जातं आणि समोर खुर्च्यांच्या रांगा लागतात. तिथे कुणालाही बसता येतं. काही कुटुंबं मात्र मुख्य विधी सकाळी अग्यारीत उरकतात आणि संध्याकाळी फक्त जेवण ठेवतात. पत्रिकेत दोन वेळा किंवा दोन ठिकाणं दिसली, तर आपल्याला कशाचं बोलावणं आहे हे आधी विचारून घेतलेलं बरं.

दुसरी गोष्ट वेळेची. लग्नाच्या रिसेप्शनला सवयीने तासभर उशिरा जाणारे नवजोतीला फसतात. संध्याकाळची नवजोत साधारणपणे सूर्य मावळायच्या सुमारास सुरू होते आणि अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. सातची वेळ बघून आठला पोचलेल्याला थेट जेवणाची रांग दिसते.

मराठी घरात याला चटकन ‘पारशांची मुंज’ म्हटलं जातं, आणि ते काही अगदी चूक नाही. मूल साधारण सात, नऊ किंवा अकरा वर्षांचं असताना धर्माची दीक्षा घेतं, आधी पाठांतर करतं आणि त्यानंतर आयुष्यभर अंगावर एक सूत्र बाळगतं. मोठा फरक एकच आहे, आणि तो वरवरचा नाही. नवजोत मुलगा आणि मुलगी दोघांचीही होते, त्याच मंत्रांनी आणि त्याच वस्त्रांनी. भाऊ-बहिणीची नवजोत एकाच दिवशी, एकाच स्टेजवर करण्याची पद्धतही जुनीच आहे.

पाहुणे येण्याआधीच निम्मं काम होऊन गेलेलं असतं. सकाळी किंवा दुपारी मुलाला ‘नाहण’ दिलं जातं. हे स्नान शुद्धीसाठी असतं. त्याआधी मुलाला डाळिंबाचं पान चावायला देतात आणि ‘निरंग’ घ्यायला लावतात. निरंग म्हणजे धर्मगुरूंनी दीर्घ विधी करून पवित्र केलेलं बैलाचं मूत्र. आजकाल अनेक घरं नाममात्र थेंबावर भागवतात. हा भाग पाहुण्यांसमोर होत नाही. पण त्याचा परिणाम त्यांच्याही लक्षात यावा असा असतो. शुद्ध झालेल्या मुलाला विधी संपेपर्यंत बाहेरच्यांनी स्पर्श करायचा नसतो. त्यामुळे स्टेजकडे निघालेल्या मुलाचा गालगुच्चा घेण्याचा मोह आवरता घ्यावा.

मूल येतं तेव्हा वर पाहण्याऐवजी त्याच्या पायांकडे पाहावं. पायरीशी आई किंवा आजी ताट घेऊन उभी असते आणि ‘आचू-मिचू’ करते. एक कच्चं अंडं मुलाभोवती ओवाळून बाजूला फोडतात, मग सुपारी, नारळ असं एकेक ओवाळून टाकतात, आणि शेवटी ताटातलं पाणी दोन्ही बाजूंना सांडतात. दृष्ट काढण्याची सवय असलेल्या मराठी डोळ्यांना हे परकं वाटायचं कारण नाही, अंडं सोडून. मग मूल उजवं पाऊल पुढे टाकून वर चढतं.

त्याच्या अंगावर पांढरी विजार आणि डोक्याला टोपी असते. वरचं अंग उघडंच असतं, वरून पांढरी शाल किंवा मलमलीचं वस्त्र गुंडाळलेलं असतं. मूल पूर्वेकडे तोंड करून गालिच्यावर किंवा पाटावर बसतं. समोर पांढऱ्या पायघोळ जाम्यात, डोक्याला पगडी घातलेले धर्मगुरू म्हणजे मोबेद बसतात, आणि बाजूला आणखी दोन-चार मोबेद असतात. मध्ये ‘आफरगान्यु’ हे धातूचं अग्निपात्र. त्यात सुखड, म्हणजे चंदनाची कांडी, आणि लोबान जळत असतो. जवळच तुपाचा दिवा असतो. एका ताटात नवं वस्त्र आणि सूत्र. दुसऱ्या ताटात तांदूळ, डाळिंबाचे दाणे, नारळाचे बारीक काप, मनुका आणि बदाम यांचं मिश्रण. या दुसऱ्या ताटाकडे लक्ष ठेवावं, ते अखेरीला कामाला येतं.

आता प्रार्थना सुरू होते. आधी ‘पतेत’, म्हणजे झाल्या-गेल्या चुकांबद्दलचा पश्चात्ताप. शब्द अवेस्ता आणि पाझंद या जुन्या भाषांतले असल्याने घरच्या गुजरातीत वाढलेल्या बहुतेक पारशांनाही ते सरळ कळत नाहीत. मूल महिनोन्‌महिने ते घोकून आलेलं असतं. मध्येच अडखळलं तर काही बिघडत नाही, कारण मोबेद त्याच्याबरोबरच म्हणत असतात आणि आवाज जरा चढवून मुलाला ओढून नेतात. खुर्च्यांत बसलेली आजी आपले ओठ हलवत असते, आणि नातवंड नेमकं कुठे चुकलं हे तिला कळतं. मग मूल उभं राहून श्रद्धेची घोषणा करतं. आपण जरथुष्ट्राने सांगितलेला, मझ्दाची उपासना करणारा धर्म स्वीकारतो, असा तिचा आशय असतो.

पाहुण्याच्या दृष्टीने दोनच क्षण महत्त्वाचे आहेत, आणि दोन्ही क्षणांत फोटोवाल्यांची पाठ मध्ये येते. म्हणून जागा धरायची ती बाजूची, समोरची नव्हे.

पहिला क्षण सदऱ्याचा. मोबेद आणि मूल ‘यथा अहू वैर्यो’ ही प्रार्थना एकत्र म्हणतात आणि तिच्या ओघातच मोबेद शाल सरकवत पांढरा मलमलीचा सदरा मुलाच्या डोक्यातून खाली ओढतात. दोन-चार सेकंदांचं काम. सदरा दिसायला साधा असतो, पण जवळून पाहिला तर गळ्याच्या खाली, छातीच्या मध्यावर, जेमतेम बोटभर लांबीरुंदीचा एक खिसा शिवलेला दिसतो. त्याला ‘गरेबान’ म्हणतात. त्यात रुमाल सोडा, नाणंही नीट मावणार नाही. तो असतो सत्कृत्यं साठवायला. पैशाच्या खिशाइतकाच हाही रोज भरावा लागतो, असं पारशी आया मुलांना सांगतात.

दुसरा क्षण कस्तीचा, आणि तो जास्त पाहण्याजोगा आहे. कस्ती म्हणजे कमरेला बांधायचं लोकरीचं सूत्र. मेंढीच्या लोकरीचे 72 धागे एकत्र विणून ती बनते. 72 ही संख्या ‘यस्न’ या ग्रंथाच्या 72 अध्यायांवरून आली आहे. धागे आधी बारा-बाराच्या सहा जुड्यांत मांडतात. विणताना कस्ती आतून पोकळ नळीसारखी होते, मग ती उलटवून आतली बाजू बाहेर काढतात. शेवटी दोन्ही टोकांना तीन-तीन गोंडे, प्रत्येकात 24 धागे. हे काम परंपरेने धर्मगुरूंच्या घराण्यांतल्या बायकांचं होतं, आणि नवसारी त्याचं मोठं केंद्र. पत्रिकेवरच्या सोनेरी छपाईपेक्षा हा धागा विणायला कितीतरी जास्त हात लागतात, हे पाहुण्यांना फारसं कुणी सांगत नाही.

बांधताना मोबेद मुलाच्या पाठीशी जाऊन उभे राहतात आणि आपले दोन्ही हात मुलाच्या दोन्ही बाजूंनी पुढे आणतात. त्यामुळे मुलाला आपल्याच कमरेवर ते हात कसे चालतात हे दिसतं, आणि उद्या सकाळी त्याला नेमकं हेच स्वतःला करायचं असतं. कस्ती कमरेभोवती तीन वेढे घेते. हे तीन वेढे सद्विचार, सद्वचन आणि सत्कृत्य यांचे, असं शिकवलं जातं. प्रार्थनेच्या ठरावीक शब्दांवर पुढच्या बाजूला दोन गाठी बसतात, मग टोकं मागे जातात आणि तिथे आणखी दोन. चार गाठी झाल्या की मूल जरथुष्ट्री झालं. टाळ्या पडतात, पण विधी अजून संपलेला नसतो. मूल आणखी एक श्रद्धेची घोषणा करतं, मोबेद त्याच्या कपाळी कुंकू लावतात, मुलाला उभं आणि मुलीला गोल. हातात नारळ, फुलं, पान-सुपारी येते. मग मुलाच्या दीर्घायुष्यासाठी ‘तंदुरस्ती’ म्हटली जाते आणि ते तांदूळ-डाळिंबाचं मिश्रण मुलाच्या डोक्यावरून उधळलं जातं.

यापुढे कस्ती रोज सोडायची आणि बांधायची. उठल्यावर, आंघोळीनंतर, प्रार्थनेआधी, जेवणाआधी. दर वेळी तेच शब्द आणि तीच चार गाठींची रीत. म्हणून नवजोतीच्या दिवशी दिसते ती या सवयीची फक्त सुरुवात असते.

स्टेजवरून उतरलेलं मूल मग दिसेनासं होतं. नव्या कपड्यांत परत यायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात बागेत बँड वाजतो, बायकांच्या गारा साड्यांवरच्या रेशमी भरतकामाची चर्चा होते. मूल आलं की रांग लावून पाकीट द्यायचं. एकशे एक, पाचशे एक अशी एकची जोड असलेली रक्कम चालते, जशी आपल्याकडे. भेटवस्तूपेक्षा पाकीटच सोयीचं.

याच वेळेत कुणीतरी हळूच विचारतं, की आपल्यालाही असं जरथुष्ट्री होता येईल का. भारतात याचं उत्तर एका खटल्याने फार पूर्वीच गुंतागुंतीचं करून ठेवलंय. रतनजी दादाभाई टाटांनी फ्रेंच सुझान ब्रिएर यांच्याशी लग्न केलं. जे. आर. डी. टाटा हे त्यांचे पुत्र. सुझान यांची नवजोत झाली होती. तरी त्यांना पारशी म्हणून अग्यारी आणि दख्म्याचा, म्हणजे अंत्यविधीच्या जागेचा, हक्क मिळतो का, यावर मुंबई उच्च न्यायालयात वाद गेला. 1908 साली न्यायमूर्ती दावर आणि न्यायमूर्ती बीमन यांनी निकाल दिला. बाहेरच्या माणसाने धर्म स्वीकारला तरी तो पारशी समाजाच्या ट्रस्टच्या संस्थांचा हक्कदार होत नाही, असा त्याचा अर्थ होता. पारशी बापाच्या आणि परक्या आईच्या, रीतसर नवजोत झालेल्या मुलांना समाजात धरलं गेलं. पण परजातीत लग्न केलेल्या पारशी स्त्रियांच्या मुलांचा प्रश्न अजूनही घराघरांत आणि कोर्टात वाद पेटवतो. हा विषय पाहुण्याने यजमानाच्या टेबलावर न काढलेलाच बरा.

त्यापेक्षा जेवणाकडे वळावं. ‘जमवा चालो जी’ अशी हाक आली की केळीच्या पानावर पंगत बसते आणि पदार्थ एकामागून एक पानात पडू लागतात. आधी लोणचं, सारिया आणि रोटली. मग केळीच्या पानात गुंडाळलेली पात्रानी मच्छी, चिकनवर सळीची बारीक कुरकुरीत बटाट्याची पखरण, शेवटी पुलाव-दाळ आणि लगन-नु-कस्टर्ड. वाढपी विचारत नाहीत, थेट वाढतात. म्हणून नको असलेलं लगेच हाताने अडवावं. शाकाहाऱ्यांनी आपली पंगत कुठे आहे हे आधीच विचारून घ्यावं. आणि पहिल्या पंगतीत बसलेल्याने गप्पा रंगवू नयेत, कारण दुसऱ्या पंगतीचे लोक आधीच खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे असतात.