बेदाण्याचा पिवळा रंग येतो कुठून?

बेदाणा म्हणजे वाळवलेलं द्राक्षच. त्यात साखर घातलेली नसते, पाकात मुरवलेलंही नसतं. चार किलो गोड द्राक्षांत साधारण सव्वातीन किलो पाणी असतं. त्यातलं जवळजवळ तीन किलो उडून गेलं की हातात किलोभर बेदाणा उरतो, आणि द्राक्षातली सगळी साखर या किलोभरात आलेली असते. मात्र हे पाणी सहजासहजी उडत नाही, आणि ते उडेपर्यंत फळाचा रंग टिकवणं तर त्याहून अवघड.

द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. ताज्या मण्यावर बोट फिरवलं की जी पांढुरकी पावडर निघते, तोच हा थर. तो पाणी आत कोंडून ठेवतो. कॅलिफोर्नियात तसेच घड वेलींच्या ओळींमध्ये कागदावर पसरून कडक उन्हात दोन-तीन आठवडे वाळवायची जुनी पद्धत आहे. तिथला बेदाणा गडद तपकिरी होतो आणि त्यात बाहेरचं काहीच नसतं. तासगाव-सांगलीकडे वेगळं चालतं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काढलेले थॉमसन, सोनाका, माणिक चमन असे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ (म्हणजे इथाइल ओलिएट) मिसळलेल्या पाण्यात काही मिनिटं बुडवतात. त्यामुळे मेणाच्या थराची घट्ट वीण सैल होते आणि पाण्याला वाट मिळते. मग घड शेडमधल्या रॅकवर, एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरतात. वर सावली आणि चारी बाजूंनी वारा असला, की साधारण दोन आठवड्यांत माल वाळतो.

सावली कशासाठी, तर रंगासाठी. कापलेलं सफरचंद काळं पडतं त्याच कारणानं द्राक्षही तपकिरी होतं. पेशी फुटल्या की फळातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं तिथल्या फिनॉल द्रव्यांचे गडद रंग बनवतं. ऊन आणि उष्णतेनं हे काम वेगानं होतं, सावलीत आणि भराभर वाळवलं तर कमी होतं. अफगाणिस्तानात याच हिशेबानं द्राक्षं भोकं ठेवलेल्या मातीच्या भिंतींच्या खोल्यांत टांगून वाळवतात. तिथला हिरवा बेदाणा गंधकाशिवायही हिरवट राहतो. म्हणजे हिरवा दिसला की गंधक मारलंय, असं धरून चालणं बरोबर नाही.

पण बाजाराला हिरवट-पिवळा रंग हवा, तोही दाण्यागणिक सारखा. मार्चमध्ये अवकाळी पाऊस आला आणि रॅकवरचा माल भिजला, की दाणे काळवंडतात, बुरशी धरते आणि सौद्यात भाव पडतो. इथे गंधकाची धुरी कामाला येते. बंद खोलीत गंधक जाळलं की सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो. तो दाण्यात शिरून त्या विकराला निकामी करतो, आलेला रंगही थोडा उजळवतो आणि बुरशी रोखतो. फळात उरलेल्या त्याच्या रूपांना सल्फाइट म्हणतात. रंग खुलवण्यासाठी चाललेला हा खटाटोप ग्राहकाच्याच आवडीमुळे आहे, हे मात्र मान्य करायला हवं. खाणाऱ्यानं तपकिरी बेदाणा खुशीनं घेतला असता, तर धुरीची गरजच बरीच कमी झाली असती.

सल्फाइट किती असलं तर चालतं? कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात रंग उडवलेल्या बेदाण्यासाठी किलोमागे १,५०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे. आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल असं प्रमाण माणसाच्या वजनाच्या किलोमागे ०.७ मिलिग्रॅम धरलं जातं. साठ किलोच्या माणसासाठी ते झालं ४२ मिलिग्रॅम. मर्यादेच्या टोकाला असलेल्या बेदाण्याची ३० ग्रॅमची मूठ खाल्ली, तर ४५ मिलिग्रॅम पोटात जातात. सगळा बेदाणा टोकाला नसतो आणि कुणी रोज मूठभर खातही नाही, त्यामुळे शिऱ्यात घातलेल्या चार दाण्यांची चिंता नको. काळजी घ्यायची ती दमेकऱ्यांनी. त्यांच्यातल्या काही थोड्यांना सल्फाइटनं श्वासनळी आवळल्यासारखी होते, छातीत घरघर सुरू होते. हे नेहमीच्या अॅलर्जीसारखं नसल्यामुळे खरं कारण पुष्कळदा ध्यानातच येत नाही.

पाकीटबंद मालात किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल, तर ते लेबलवर लिहावं लागतं. घटकांच्या यादीत २२० ते २२८ यांतला आकडा दिसला की सल्फाइट आहे असं समजावं. सुट्ट्या बेदाण्यावर लेबल नसतं, तिथे नाक वापरावं. डबा उघडताच काडेपेटीची काडी ओढल्यासारखा झणझणीत वास आला, किंवा दाणे नको इतके एकसारखे पिवळेधमक दिसले, तर धुरी जोरात दिलेली असते. पण वास नाही म्हणजे सल्फाइट नाही, असंही नव्हे. बेदाणा धुतल्यानं काही भाग निघून जातो, पण साखरेशी बांधला गेलेला भाग आतच राहतो. म्हणून घरात दमेकरी असेल तर दुकानदाराकडे धुरी न दिलेला तपकिरी माल मागा, आणि तो पाकिटात असला तरी लेबल वाचूनच घ्या.