बाटलीच्या दोन भिंतींमध्ये काय आहे?

चीनमधल्या कारखान्याकडून स्टीलच्या पाण्याच्या बाटल्या मागवायच्या आहेत. कोटेशनवर पुरवठादाराने एचएस कोड लिहून पाठवला आहे, तेव्हा तोच धरून खर्चाचा हिशेब मांडण्याचा मोह होतो. पण तो कोड त्याने स्वतःच्या निर्यातीसाठी लावलेला असतो. चीनमध्ये निर्यातदाराला व्हॅटचा परतावा कोडनुसार मिळतो, त्यामुळे त्याची सोय आणि आपली सोय एकच असेल असे नाही. शिवाय एचएस कोडचे पहिले सहा आकडेच जगभर समान असतात. पुढचे प्रत्येक देश आपापले जोडतो. भारतात कोड आठ आकडी आहे आणि न्हावा शेवाला बिल ऑफ एंट्रीवर तो बरोबर टाकण्याची जबाबदारी आयातदाराची.

आता बाटलीकडे पाहू. एकेरी भिंतीची साधी स्टीलची बाटली ७३२३ या शीर्षकाखाली, घरगुती भांड्यांत जाते. दोन भिंतींमधली हवा काढून निर्वात पोकळी केलेली बाटली मात्र ९६१७ म्हणजे व्हॅक्यूम फ्लास्क. गंमत अशी, की दोन भिंती आहेत पण मध्ये नुसती हवा आहे, अशीही बाटली मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच, आणि कॅटलॉगमध्ये दोघींवर 'इन्सुलेटेड' लिहिलेले! म्हणून पुरवठादाराला 'कोड काय?' एवढेच विचारून भागत नाही. भिंती किती, मध्ये निर्वात आहे का, स्टीलचा ग्रेड कोणता, हे लेखी मागवावे. इन्सुलेटेड फ्लास्कना बीआयएसचे प्रमाणन सक्तीचे आहे, त्यामुळे हा तपशील फक्त करापुरता राहत नाही.

दराचा फरक किती जाणवतो? उदाहरणापुरते दोन दर धरू, १० आणि २० टक्के. माल १० लाखांचा. मूळ सीमाशुल्क १ लाख, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १० हजार. दर २० टक्के निघाला, तर हेच आकडे २ लाख आणि २० हजार. म्हणजे १ लाख १० हजार जास्त. आयजीएसटीही वाढतो, पण नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याचे क्रेडिट सहसा मिळते. सीमाशुल्काचे मिळत नाही. ते थेट नफ्यातून जाते.

मिळालेला तपशील आणि शक्यतो एक नमुना सीएचएला दाखवून कोड ठरवावा. प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर 'स्टील बॉटल' असे मोघम न लिहिता 'दुहेरी भिंतीची, निर्वात, स्टेनलेस स्टीलची' असे वर्णन हवे, आणि पहिले सहा आकडेही आपल्या कोडशी जुळायला हवेत. पुरवठादार वेगळ्या कोडवर अडून बसला तर कारण विचारावे. कधी कधी त्या उत्तरातूनच माल वेगळा असल्याचे कळते. मोठ्या आणि वारंवार येणाऱ्या मालासाठी सीमाशुल्काच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे जाता येते. त्याचे एक कार्यालय मुंबईतच आहे.

दर मात्र ऑर्डरच्या दिवशीचा लागत नाही. वापरासाठी थेट सोडवलेल्या मालाला बिल ऑफ एंट्री सादर केल्याच्या दिवसाचा दर लागतो, आणि ते जहाज येण्याआधीच भरले असेल तर जहाजाच्या आवक-नोंदीच्या दिवसाचा. जानेवारीत मागवलेला माल १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पानंतर बंदरात पोहोचणार असेल, तर किंमत ठरवताना तेवढी जागा सोडावी लागते.