पाणी कुठे अडलं, ते पाणीच सांगतं

फ्रंट लोड वॉशिंग मशीन धुलाईच्या मध्येच थांबतं. काचेच्या दारामागे फेसाळ पाणी तसंच, कपडे त्यात बुडालेले, दार उघडायला तयार नाही आणि पडद्यावर दोन-तीन अक्षरं लुकलुकतायत. एलजीच्या मशीनवर OE, सॅमसंगच्या मशीनवर 5C किंवा 5E, बॉशवर E18. कंपनी कुठलीही असो, सांगणं एकच असतं: ठरलेल्या वेळात पाणी बाहेर गेलं नाही. मशीनला आतल्या पाण्याची पातळी तेवढी कळते. पाणी नेमकं कुठे अडलं, हे शोधायचं काम आपल्याकडे राहतं. ते बहुतेक वेळा घरच्या घरी होतं, पण फिल्टर उपसून, धुऊन, परत बसवून मोकळं होण्याइतकं ते सरळ नाही. फिल्टर उघडताना जे दिसतं आणि ऐकू येतं, त्यावरूनच खरा दोष कळतो, आणि तिकडेच लोकांचं लक्ष नसतं.

आधी एक खुलासा. हे सगळं फ्रंट लोड मशीनबद्दल आहे. आपल्याकडच्या बऱ्याचशा टॉप लोड मशीनमध्ये पंप नसतोच. तिथे झडप उघडते आणि पाणी उताराने खालच्या नळीतून निघून जातं. ड्रममध्ये दिसणारी जाळीची पिशवी कपड्यांचे तंतू गोळा करण्यासाठी असते, पाणी तुंबण्याशी तिचा फारसा संबंध नाही. टॉप लोडचं पाणी जात नसेल तर नळीचं टोक उंचावर ठेवलंय का, नळी कुठे दुमडली आहे का, हे आधी बघावं.

फ्रंट लोडमध्ये पाण्याला वर चढावं लागतं. ड्रमच्या बाहेर जी मोठी टाकी असते, तिच्या तळातून एक जाड रबरी नळी खाली येते. ती फिल्टरच्या कप्प्यात उघडते. फिल्टरच्या पलीकडे पंपाचा छोटा प्लॅस्टिकचा पंखा. तो फिरला की पाणी मागच्या लांब नळीत ढकललं जातं आणि साधारण कमरेच्या उंचीपर्यंत चढून गटारात पडतं. म्हणजे टाकी, रबरी नळी, फिल्टर, पंखा, मागची नळी, असा क्रम. हा क्रम डोक्यात ठेवला की पुढचं सोपं जातं. फिल्टरचं मुख्य काम पंख्याला वाचवणं हे आहे. नाणी, बटणं, खिशात राहिलेले स्क्रू पंख्यापर्यंत पोचू नयेत म्हणून तो तिथे बसवलेला असतो.

उघडण्याआधी एकदा ऐकून घ्या. मशीन फक्त पाणी काढण्याच्या किंवा पिळण्याच्या प्रोग्रॅमवर लावा आणि खालच्या कोपऱ्याशी कान न्या. नुसती घुं घुं येत असेल आणि पाणी हलत नसेल, तर पंपाला वीज मिळते आहे पण पंखा अडला आहे. खडखडाट येत असेल तर काहीतरी कठीण वस्तू आत नाचते आहे. पंप मजेत फिरल्यासारखा वाटतो आणि तरी पाणी जात नाही, अशा वेळी अडथळा पंपाच्या आधी किंवा नंतरच्या नळीत असतो. आणि काहीच आवाज नसेल तर पंपापर्यंत वीज पोचत नाही किंवा पंपच गेला आहे. हाताने धुण्याची पावडर मशीनमध्ये टाकली असेल तर आणखी एक शक्यता असते. त्या पावडरीला फेस फार येतो, पंखा पाण्याऐवजी फेसच घुसळत बसतो आणि मशीन तीच अक्षरं दाखवतं. अर्धा-पाऊण तास थांबून फेस बसू द्या आणि मग पुन्हा पाणी काढून बघा.

आता उघडायची तयारी. बटण बंद करून भागणार नाही, प्लग भिंतीतून उपसून ठेवा, कारण आपण ओल्या हाताने पंपात बोटं घालणार आहोत. नळ बंद करा. गरम पाण्याची धुलाई चालू होती तर पाणी निवेपर्यंत थांबा. साठ-सत्तर अंशांचं पाणी हातावर आलं तर चांगलंच पोळतं. मशीनच्या पुढच्या बाजूला, बहुधा उजवीकडे खाली, एक छोटं दार असतं. ते उघडलं की मोठं गोल झाकण दिसतं. तोच फिल्टर. बऱ्याच मशीनमध्ये त्याच्या शेजारी बोटाएवढी बारीक नळी असते, टोकाला बूच लावलेली.

या बारीक नळीकडे दुर्लक्ष करून थेट मोठं झाकण फिरवलं की घरभर पाणी होतं. अर्धवट थांबलेल्या मशीनमध्ये दहा-पंधरा लिटर पाणी सहज असतं, भिजलेल्या कपड्यांतलं वेगळं. बादली त्या दाराखाली मावत नाही, म्हणून काठाचं ताट किंवा उथळ ट्रे घ्या, खाली जुने टॉवेल अंथरा. नळी बाहेर ओढा, बूच काढा, ताट भरत आलं की बूच लावा, ताट रिकामं करा, पुन्हा सुरू. कंटाळवाणं काम आहे, पण घाई करू नका आणि मशीन पुढे कलंडवून पाणी ओतायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. बारीक नळी नसेल तर मोठं झाकणच डावीकडे अगदी थोडं सैल करायचं, पाणी झिरपू द्यायचं, ताट भरलं की परत आवळायचं.

याच वेळी पाण्याकडे नीट बघा. ड्रम भरलेला आहे आणि बूच काढताच पाणी जोरात आलं, तर टाकीपासून फिल्टरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. अडथळा फिल्टरमध्ये, पंख्यात किंवा त्याच्या पुढे. याउलट दारामागे पाणी दिसतंय, तरी बारीक नळीतून ते थेंब थेंब येतं आणि फिल्टर सैल केल्यावरही तसंच, तर वरची जाड रबरी नळी तुंबली आहे. लहान बाळाचा मोजा, रुमाल, मास्क अशा गोष्टी दाराच्या रबराखालून टाकीत सरकतात आणि त्या नळीच्या तोंडाशी बसतात. तिथे फिल्टर कितीही घासला तरी उपयोग नाही. ती नळी खोलून मोकळी करावी लागते, आणि ते काम मेकॅनिककडे दिलेलं बरं.

पाणी संपलं की झाकण पूर्ण फिरवून फिल्टर बाहेर ओढा. करडा, बुळबुळीत लगदा निघेल. त्यात तंतू, केस, साबणाचा राप, चिल्लर, टिकल्या, साडीची पिन, काडेपेटीच्या काड्या, राखीचे मणी. नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासला की फिल्टर स्वच्छ होतो. इथपर्यंत सगळे करतात.

आमच्या इमारतीतल्या एका काकूंनीही एवढं केलं होतं. मशीन घुं घुं करत होतं, पाणी बारीक नळीतून धो धो आलं होतं, फिल्टरमध्ये थोडा लगदा आणि एक नाणं सापडलं, ते काढून त्यांनी झाकण लावलं. पुन्हा सुरू केलं तर परत घुं घुं. “अगं, फिल्टर तर लखलखीत केलाय, आता पंपच गेला असणार,” असं म्हणून त्या नवा पंप मागवायच्या बेतात होत्या.

“काकू, थांबा, आत बघितलंत का?” असं म्हणून मी प्लग काढलेला आहे ना ते तपासलं, पुन्हा थोडं पाणी काढून घेतलं आणि फिल्टर काढून त्या भोकात मोबाइलचा टॉर्च मारला. आत, डावीकडे, पंख्याची पाती दिसत होती आणि त्यांच्या मुळाशी काळा वेढा. साडीच्या फॉलचा सुटलेला दोरा, त्यात केस, आणि त्यात आडवा अडकलेला केसांचा आकडा. बारीक आणि सरळ वस्तू फिल्टरच्या फटीतून उभी निसटते आणि पलीकडे जाऊन आडवी होते. चिमट्याने आधी आकडा सोडवला, मग दोरा उलट्या दिशेने उलगडत काढला. खेचला नाही, कारण पाती प्लॅस्टिकची असतात. शेवटी पंखा बोटाने फिरवून बघितला.

तो फिरतो कसा, हे नीट समजून घ्यायला हवं. पंखा चुंबकावर बसवलेला असतो, त्यामुळे बोटाने ढकलला की तो सरळ गरगरत नाही, थोडा अडतो, मग टुणकन पुढच्या जागी जातो, पुन्हा अडतो. हे अडखळणं म्हणजे बिघाड नव्हे, चांगल्या पंपाची खूण आहे. थोडा हललाडुलला तरी काळजी नाही. तो मुळीच हलत नसेल, किंवा अजिबात न अडता भिंगरीसारखा मोकळा फिरत असेल, तर मात्र पंप बदलायला हवा. काकूंचा पंखा छान अडखळत फिरला. नव्या पंपाची गरज उरली नाही.

फिल्टर परत बसवताना त्याच्या कडेचं रबरी कडं पुसून घ्या. एक केस जरी त्याखाली राहिला तरी थेंब थेंब गळत राहतं. आटे नीट जुळले की झाकण हलक्या हाताने फिरतं. सुरुवातीलाच जोर लागत असेल तर ते तिरकं बसलंय, काढून पुन्हा लावा. शेवटी घट्ट आवळा, बारीक नळीचं बूच लावून ती जागेवर ठेवा. मग साबणाच्या कप्प्यातून दीड-दोन लिटर पाणी ओता, प्लग लावा आणि फक्त पाणी काढायचा प्रोग्रॅम चालवा. छोट्या दाराखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद सरकवून ठेवलात तर गळती लगेच दिसते. पाणी गेलं की दाराचं कुलूपही थोड्या वेळाने सुटतं.

एवढं करूनही पंप सुरळीत वाजतो आणि पाणी जात नाही, तर मागची नळी बघा. मशीन भिंतीकडे ढकललं की ती हमखास दुमडते. ती सरळ असेल तर तिचं टोक नहाणीतल्या पाइपातून काढून, त्याच उंचीवर धरून बादलीत सोडा आणि पाणी काढा. बादलीत जोरात पाणी आलं तर मशीन ठीक आहे, तुंबलाय तो घरातला पाइप, आणि मेकॅनिकऐवजी प्लंबरला बोलवायचं. मात्र यातल्या कुठल्याही टप्प्यावर तुंबलेलं मोकळं करायची पावडर किंवा ॲसिड मशीनमध्ये ओतू नका. आतली रबरं आणि धातूचे भाग त्याने खराब होतात, आणि नंतर तो फिल्टर उघडणाऱ्याच्या हातावर तेच पाणी येतं.