सर्व्हर चालू, साइट बंद

एखाद्या महाविद्यालयाचा निकाल लागतो. साइटवर झुंबड उडते आणि थोड्याच वेळात पडद्यावर उमटतं: Error 522, Connection timed out. पुण्यात साइट उघडत नाही, नागपुरात मात्र उघडते. सर्व्हर सांभाळणारा शपथेवर सांगतो, की यंत्र ठणठणीत आहे. बहुतेकदा तो खरंच बोलत असतो.

अशा साइटपुढे क्लाउडफ्लेअरसारखी मधली सेवा बसवलेली असते. वाचक तिच्याशी बोलतो आणि ती मूळ सर्व्हरशी. त्यामुळे हजारो वाचकांच्या मागण्या सर्व्हरला मोजक्याच पत्त्यांवरून आल्यासारख्या दिसतात. सगळ्या सोसायटीची पार्सलं एकच माणूस आणू लागला, तर नव्या वॉचमनला त्याचा संशय येणारच. फायरवॉलचंही तसंच होतं. एकाच पत्त्यावरून इतक्या मागण्या म्हणजे हल्ला, असं समजून ती तो पत्ता अडवते. शिवाय मधल्या सेवेचे सगळेच पत्ते एकदम अडत नाहीत, म्हणून एका शहरात साइट बंद आणि दुसऱ्या शहरात सुरू.

अडवण्याची पद्धतही महत्त्वाची. फायरवॉलने स्पष्ट नकार दिला, तर सहसा 521 दिसतो. तिने आलेलं पाकीट गुपचूप टाकून दिलं, तर मधली सेवा काही सेकंद वाट पाहून 522 दाखवते. जोडणी झाली पण उत्तर यायला फार वेळ लागला, तर 524. तिथे फायरवॉलमागे लागण्यात अर्थ नाही, संथ प्रोग्राम शोधावा.

खात्री करायची तर सर्व्हरवर येणारी पाकिटं पाहावीत. 172.64.0.0/13 हा क्लाउडफ्लेअरच्या जाहीर पट्ट्यांपैकी एक:

```
tcpdump -n -i any net 172.64.0.0/13 and port 443
```

हे साधन सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलआधीच पाकिटं पाहतं. `[S]` म्हणजे जोडणीची विनंती. ती पुन्हा पुन्हा येते आणि उत्तराचं `[S.]` दिसतच नाही, तर संशय त्याच यंत्राच्या फायरवॉलवर. साइट बंद असलेल्या भागातून विनंतीच पोचत नसेल, तर अडथळा अलीकडे, बहुधा होस्टिंग कंपनीच्या फायरवॉलमध्ये. तिथे सर्व्हरवरचे नियम कितीही बदलले तरी काही होत नाही. घाईत लोक नेमकं हेच करत बसतात.

क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यांची यादी cloudflare.com/ips वर आहे. त्यातल्या सगळ्या पट्ट्यांना, IPv6 वापरात असेल तर त्याही, 80 आणि 443 पोर्टवर परवानगी द्यावी, आणि हे नियम बंदीच्या नियमांच्या वर ठेवावेत. फेल-टू-बॅनसारखं साधन असेल, तर त्याच्या `ignoreip` मध्येही त्या टाकाव्यात.

मग खऱ्या उपद्रवी माणसाला कसं थांबवायचं? त्याचा पत्ता `CF-Connecting-IP` या शीर्षकात येतो, पण तो सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये अडवून उपयोग नाही, कारण पाकिटं त्या पत्त्यावरून येतच नाहीत. ती बंदी मधल्या सेवेच्या नियमांतच घालावी लागते.