भिंतीकडून परत येणारी टाळी

सातवी-आठवीच्या मुलांना विचारून पाहावा असा एक प्रश्न आहे. मोठ्या भिंतीसमोर उभं राहून हळू टाळी वाजवली आणि मग जोरात वाजवली, तर कोणत्या टाळीचा प्रतिध्वनी लवकर येईल? बरीच मुलं ‘जोरातल्या’ असं सांगतात. जोर लावला की चेंडू वेगानं जातो, तसाच आवाजही जाणार, असं त्यांना वाटतं. दोन्ही प्रतिध्वनी खरं तर सारख्याच वेळात येतात. हे वहीत लिहून देण्यापेक्षा मुलांना मैदानावर नेलेलं बरं.

शाळेच्या इमारतीची एखादी मोठी, सपाट भिंत निवडावी. आजूबाजूला दुसरी इमारत नको, नाहीतर दोन-तीन प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. भिंतीपासून टेपनं 50 मीटर मोजून तिथं उभं राहावं. हाताच्या टाळीऐवजी लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांवर आपटले तर आवाज नेमका आणि तुटक येतो. एक ठोका दिला की भिंतीकडून त्याचं उत्तर येतं, पण इतक्या लवकर की स्टॉपवॉचनं ते मोजता येत नाही. बटण दाबायलाच आपल्याला सुमारे 0.2 सेकंद लागतो आणि प्रतिध्वनी तर 0.3 सेकंदाच्या आतच येऊन पोचतो.

यावर उपाय लयीचा आहे. ठोके एकसारखे देत राहायचे आणि प्रत्येक प्रतिध्वनी दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध पडेल अशी लय जुळवायची. लय किंचित चुकली तरी कानाला ती लंगडी वाटते, त्यामुळे सुधारता येते. तबला शिकणाऱ्या मुलांना हे फार लवकर जमतं. लय बसली की दुसऱ्यानं ‘शून्य’ म्हणत घड्याळ सुरू करायचं आणि ‘वीस’ला थांबवायचं. समजा 11.6 सेकंद लागले. म्हणजे दोन ठोक्यांमध्ये 0.58 सेकंद गेले आणि प्रतिध्वनी त्याच्या निम्म्या वेळात, 0.29 सेकंदात आला. तेवढ्यात आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत आला, म्हणजे 100 मीटर गेला. भागाकार केला की सेकंदाला सुमारे 345 मीटर हा वेग मिळतो. पाठ्यपुस्तकात 22 अंश सेल्सिअसला तो 344 दिलेला असतो.

उत्तर चुकलं तर ते कुठं चुकलं हेही आकड्यावरून कळतं. 172 आलं तर मुलानं परतीचा प्रवास धरलेला नाही. 363 च्या आसपास आलं तर मोजणी ‘शून्य’ऐवजी ‘एक’पासून सुरू झाली आहे, म्हणजे अंतरं एकोणीसच होती आणि भागलं विसानं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ठोके हळू द्या किंवा जोरात, प्रतिध्वनी मधोमधच पडतो. जोरानं हवेच्या कंपनाचा आयाम वाढतो, म्हणून आवाज मोठा ऐकू येतो. वेग मात्र वाढत नाही. ठोकळ्यांऐवजी शिट्टी वाजवली तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. परतलेली शिट्टी क्षीण असते, कारण वाटेत आवाज पसरतो, पण तिचा सूर तोच राहतो. दर सेकंदाला जितकी कंपनं भिंतीवर पोचतात तितकीच परत फिरतात, आणि सुराची उंची ठरते ती या संख्येवर, म्हणजेच वारंवारितेवर. तानपुऱ्याची तार हलकी छेडा किंवा जोरात, षड्ज षड्जच राहतो. तो चढवायचा तर खुंटी पिळून तार ताणावी लागते.

वारंवारितेनंही वेग बदलत नाही, याचा पुरावा गणपतीच्या मिरवणुकीत ऐकायला मिळतो. खर्जातला ढोल आणि तारस्वरातला ताशा दूरच्या गल्लीतूनही एकाच तालात ऐकू येतात. दोघांचे वेग वेगळे असते तर लांबून ऐकताना तो ताल विस्कटला असता. लांबून ताशा जास्त पुसट होतो हे खरं, कारण उंच स्वर हवेत अधिक शोषले जातात.

मग पाच मीटरच्या खोलीत प्रतिध्वनी का नाही? तिथं आवाज 0.03 सेकंदात परततो. साधारण 0.1 सेकंदाच्या आत आलेले दोन आवाज मेंदूला वेगळे वाटत नाहीत, म्हणून रिकामं घर नुसतं घुमतं. वेगळा प्रतिध्वनी ऐकायला भिंत निदान 17 मीटर लांब हवी.

हा प्रयोग हिवाळ्यातल्या सकाळी आणि मार्चमधल्या दुपारी, दोनदा करून पाहावा. हवा एक अंशानं तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरनं वाढतो. 12 अंशांना वीस ठोक्यांना 11.8 सेकंद लागतील आणि 34 अंशांना 11.4. फरक अर्ध्या सेकंदाहूनही थोडा कमी आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी पाच-सहा मोजण्या घेऊन त्यांची सरासरी काढावी लागेल.