वायरमनसाठी चिठ्ठी : जुन्या प्लेटमागे स्मार्ट मॉड्यूल

भिंतीवरची जुनी स्विच-प्लेट न बदलता दिवे मोबाइलवरूनही चालवायचे असतील, तर प्लेटमागच्या डब्यात काडेपेटीएवढे रिले मॉड्यूल बसवतात. बटणे तीच राहतात आणि हाताने दाबल्यावर पूर्वीसारखीच चालतात. हे काम बिघडते ते बहुधा सांगण्यात. घरमालक ‘एवढे स्मार्ट करून द्या’ म्हणतो आणि वायरमन मॉड्यूलला साध्या स्विचसारखी जोडणी देतो. त्यामुळे लिहून दिलेल्या चिठ्ठीत अॅपच्या करामतींपेक्षा कोणती वायर कुठून सुटते आणि कुठे जाते, हे असायला हवे.

समजा, हॉलच्या बोर्डावर दोन दिव्यांचे स्विच, पंख्याचा स्विच, रेग्युलेटर आणि एक सॉकेट आहे, आणि फक्त दोन दिवे मोबाइलवर घ्यायचे आहेत. त्यासाठी दोन दिव्यांचे मॉड्यूल आणले आहे. चिठ्ठी अशी लिहिता येईल :

‘हॉलच्या बोर्डातले पहिले दोन स्विच दिव्यांचे आहेत. त्या दोन्ही स्विचमधून दिव्याकडे जाणारी वायर सोडवून मॉड्यूलच्या ओ-१ आणि ओ-२ मध्ये घाला. स्विचची जी बाजू मोकळी होईल, तिथून छोटा तुकडा घेऊन एस-१ आणि एस-२ ला जोडा. स्विचला येणारा फेज आहे तसाच ठेवा. त्याच फेजवरून एक लूप मॉड्यूलच्या एल ला द्या. एन ला न्यूट्रल याच बोर्डाच्या सॉकेटवरून घ्या, पण सॉकेट आणि दिवे एकाच एमसीबीवर आहेत हे आधी पाहा. पंखा, रेग्युलेटर आणि अर्थिंगच्या वायरला हात लावू नका.’

या जोडणीत दिव्याचा करंट स्विचमधून जात नाही. स्विच मॉड्यूलला केवळ इशारा देतो आणि दिवा आतला रिले लावतो. दिव्याची वायर चुकून एस मध्ये आणि स्विचची ओ मध्ये गेली, तर दिवा बटणानेही लागत नाही आणि मोबाइलवरूनही लागत नाही. आणखी एक गोष्ट मॉड्यूलसोबतच्या आकृतीत पाहूनच लिहावी लागते. काही मॉड्यूलांच्या एस टोकांना २३० व्होल्टचा फेज चालतो, तर काहींना तो अजिबात चालत नाही. दुसऱ्या प्रकाराला फेज दिला तर ते पहिल्याच क्षणी जळते. वरची चिठ्ठी पहिल्या प्रकारासाठी आहे.

खरी अडचण न्यूट्रलची असते. साध्या स्विचला न्यूट्रल लागत नाही, त्यामुळे सॉकेट नसलेल्या बोर्डात तो बऱ्याचदा आलेलाच नसतो. मॉड्यूल मात्र दिवा बंद असतानाही जागे असते आणि त्याला न्यूट्रल कायम लागतो. अशा वेळी शेजारच्या बोर्डातून, दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल ओढून घेण्याचा मोह होतो. दोन्ही सर्किट वेगवेगळ्या आरसीसीबीवर असतील, तर मॉड्यूलचा करंट एकातून जातो आणि दुसऱ्यातून परततो. एका मॉड्यूलमुळे काही मिलिअॅम्पिअरचाच फरक पडतो, म्हणून त्या दिवशी सगळे ठीक दिसते. अशी चार-पाच मॉड्यूल झाली की ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी अधूनमधून विनाकारण पडू लागतो आणि कारण सापडता सापडत नाही. अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून वापरणे तर याहून वाईट, आणि चिठ्ठीत त्याला स्पष्ट नकार असावा. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा करंट घेतात. लहान एलईडी त्यामुळे बंद असतानाही मंद उजळत राहतो किंवा लुकलुकतो. पाइपमधून नवी वायर ओढता येत असेल, तर तोच मार्ग बरा.

बेडरूममध्ये दाराजवळ आणि पलंगाजवळ टू-वे स्विच असतील, तर चिठ्ठीत वेगळी ओळ लागते : दिव्याची वायर ज्या बोर्डातून निघते तिथे मॉड्यूल ठेवावे, दोन्ही स्विचमधल्या दोन जोडवायरी तशाच ठेवाव्यात आणि शेवटच्या स्विचच्या मधल्या टोकातून निघणारी दिव्याची वायर ओ ला नेऊन त्या टोकावरून एस ला इशारा द्यावा. मॉड्यूलला कायमचा फेज आणि न्यूट्रल त्याच बोर्डात, त्याच सर्किटचा मिळायला हवा. मग अॅपमध्ये ‘स्विचची स्थिती बदलली की दिवा बदलावा’ असा पर्याय निवडायचा. हे घरमालकाचे काम.

गीझर या यादीत नसलेला बरा. २००० वॉटचा गीझर सुमारे ९ अॅम्पिअर घेतो आणि दिव्यांसाठीचा १० अॅम्पिअरचा रिले त्याने रोज काठावर चालतो.

काम मेन बंद करून, प्रत्येक वायर टेस्टरने तपासून सुरू व्हावे. सोडवण्याआधी उघड्या बोर्डाचा फोटो घ्यावा. मॉड्यूल डब्यात वायरींवर दाबून बसवावे लागत असेल, तर डबा उथळ आहे असे समजावे. डबा पत्र्याचा असेल तर वाय-फायचा सिग्नलही कमजोर पडतो. पैसे देण्यापूर्वी राउटर बंद करून भिंतीवरचे प्रत्येक बटण दाबून पाहावे, आणि दिवे तासभर चालू ठेवल्यावर प्लेटला हात लावावा. ती जास्त गरम लागली, तर मेन बंद करून मॉड्यूलचे स्क्रू पुन्हा आवळून घ्यावेत.