गिऱ्हाइकाची दुखरी नस

‘आमची कंपनी या क्षेत्रात अग्रगण्य असून आपला व्यवसाय वाढवण्यास आम्ही उत्सुक आहोत.’ अशी पत्रं कंपन्यांच्या अधिकाऱ्यांकडे सतत येतात आणि न वाचताच पुसली जातात. पाठवणाऱ्याला समोरच्याबद्दल काही ठाऊक नाही, हे पहिल्याच ओळीत कळतं. खरं तर बहुतेक कंपन्या आपल्या अडचणी उघड्यावरच मांडून बसलेल्या असतात. त्या वाचायची सवय मात्र विक्रेत्यांना नसते.

उदाहरणादाखल असं धरू, की पुण्यातली एक छोटी फर्म तंत्रज्ञांच्या घरभेटी आखून देणारं सॉफ्टवेअर विकते. तिच्या नजरेत एक कंपनी आहे. ती पाण्याचे फिल्टर विकते आणि त्यांची दुरुस्तीही करते.

सुरुवात नोकरीच्या जाहिरातींपासून करावी. कारण नवा माणूस घ्यायचा, म्हणजे त्या अडचणीवर खर्च करायला कंपनी तयार झाली. पदाच्या नावावरून फारसं कळत नाही, खरा माल कामाच्या वर्णनात असतो. आपल्या कंपनीला नाशिक, नागपूर आणि कोल्हापुरात ‘सर्व्हिस को-ऑर्डिनेटर’ हवे आहेत. वर्णनात लिहिलंय : एक्सेलमध्ये रोजचा कॉल-रिपोर्ट ठेवणे, तंत्रज्ञांचा व्हॉट्सॲपवर पाठपुरावा करणे, प्रलंबित तक्रारी हाताळणे. म्हणजे भेटींचा सगळा हिशेब माणसांच्या भरवशावर चाललाय.

पण जाहिरात फसवूही शकते. तीच जाहिरात महिनोन्‌महिने दिसत असेल, तर माणसं टिकत नसतील किंवा एखादी भरती-एजन्सी नुसते बायोडेटा गोळा करत असेल. जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरही आहे का, हे पाहिलं की बरंचसं स्पष्ट होतं.

मग ग्राहकांची परीक्षणं. गुगल मॅप्सवर ती ‘सर्वांत नवी आधी’ अशी लावून घ्यावीत, नाहीतर जुनी दुखणी ताजी वाटतात. पाच तारेवाल्यांनी बहुधा ‘छान सेवा’ एवढंच लिहिलेलं असतं. एक तारेवाल्यांचा संताप खरा असला, तरी त्यात तपशील कमी सापडतो. दोन-तीन तारे देणारा माणूस मात्र सविस्तर लिहितो, म्हणून तो मोलाचा. अशी चाळीसेक परीक्षणं वाचून प्रत्येकापुढे तक्रारीचं कारण दोन-तीन शब्दांत टिपत जावं.

या टिपणांतून आपल्या कंपनीचं वेगळंच चित्र दिसतं. ‘कोणी आलंच नाही’ ही तक्रार कमी आहे. जास्त लोक म्हणतात, ‘माणूस आला, पण मेंब्रेन त्याच्याकडे नव्हता, पुन्हा चार दिवसांनी आला.’ म्हणजे दुखणं वेळापत्रकाचं नाही, सुट्या भागांचं आहे. फर्मने वेळापत्रकाचं गाणं गायलं असतं, तर नेम चुकला असता. तक्रारी एकाच डीलरच्या पानावर असतील, तर तो डीलरचा दोष ठरतो, कंपनीचा नव्हे. आणि एकाच आठवड्यात एकसारख्या भाषेत लिहिलेल्या दहा तक्रारी दिसल्या, तर स्पर्धकाचा हात असण्याची शक्यता धरावी.

बातम्यांचं महत्त्व त्यामानाने कमी, कारण त्या उशिरा येतात. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सची डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे १६,९०० उड्डाणं रद्द झाली, तेव्हा कर्मचाऱ्यांचं वेळापत्रक लावणारी यंत्रणा कोलमडल्याचं जगाला समजलं. वैमानिकांची संघटना मात्र त्याबद्दल आधीपासूनच ओरडत होती. बातमीतून कळतं ते ‘आत्ताच का’ याचं उत्तर. आपल्या कंपनीने विदर्भात नवी सेवाकेंद्रं उघडत असल्याचं जाहीर केलं असेल, तर सुट्या भागांचा घोळ आता आणखी पसरणार.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांबाबत आणखी एक दुर्लक्षित खाण आहे. सेबीच्या नियमानुसार पहिल्या एक हजार कंपन्या ‘बीआरएसआर’ नावाचा अहवाल देतात. त्याच्या नवव्या तत्त्वाखाली ग्राहकांच्या तक्रारी किती आल्या आणि वर्षअखेर किती प्रलंबित राहिल्या, याचे आकडे असतात.

आता पत्र. ‘तुमचे ग्राहक नाराज आहेत’ असं लिहिलं, की वाचणारा बचावाच्या पवित्र्यात जातो. परीक्षण लिहिणाऱ्याचं नाव तर कधीच घेऊ नये. फर्मने एवढंच लिहावं : ‘विदर्भातल्या नव्या केंद्रांची बातमी वाचली. सेवा-समन्वयकांच्या जाहिरातीत रोजचा रिपोर्ट एक्सेलमध्ये ठेवायचा आहे, असं दिसलं. सुटा भाग सोबत नसल्याने दुसरी फेरी मारावी लागते, असं तुमच्याकडे होतं का? होत असेल, तर निघण्यापूर्वी तंत्रज्ञाच्या बॅगेतला साठा तपासण्याची आमची पद्धत पंधरा मिनिटांत दाखवतो.’

यातला प्रश्न खरोखरचा प्रश्न आहे. बाहेरून बांधलेला अंदाज चुकू शकतो आणि ‘नाही, आमची अडचण वेगळी आहे’ एवढं उत्तर आलं, तरी बोलणं सुरू होतं.

या कामात एका कंपनीमागे तास-दीड तास सहज जातो. महिना पाचशे रुपयांची वस्तू विकणाऱ्याला तो परवडणार नाही. ज्याला वर्षभरात वीसच मोठी गिऱ्हाइकं हवी आहेत, त्याने मात्र हजार पत्रं धाडण्याआधी हा तास जरूर काढावा.